हापूसचा फोटो बघताना रंगाआधी देठ बघा

मार्च संपत आला की सोसायटीच्या ग्रुपवर पेट्यांचे फोटो पडायला लागतात. कोणाचा मेहुणा देवगडहून माल आणतो, कोणी रत्नागिरीच्या बागेतून थेट पाठवतो, कोणी मार्केट यार्डातून उचलून घरपोच देतो, आणि फोटोत सगळ्यांचाच आंबा पिवळाधमक. खरं म्हणजे आंबा हातात घेऊन, देठापाशी वास घेऊन घ्यायची गोष्ट आहे, पण पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डापर्यंत जायला सगळ्यांना वेळ नसतो त्यामुळे पुष्कळ घरांत आता फोटो बघूनच पेटी ठरते. तर फोटोत नक्की काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं आणि फोटोवर कुठपर्यंत विश्वास ठेवायचा ते सविस्तर लिहिते.

आधीच सांगते, हे सगळं हापूसपुरतं आहे. प्रत्येक जातीचा रंगाचा हिशोब वेगळा असतो. केशर आतून पूर्ण पिकला तरी सालीवर हिरवट राहू शकतो, लंगडा तर हिरवाच दिसतो, आणि पायरीला देठाच्या बाजूने लाली येते. ही लाली पिकल्याची खूण नाही बरं का, फळाच्या ज्या बाजूला ऊन लागतं तिथे ती येते, कच्च्या फळावर सुद्धा असते. हापूसच्या खांद्यावर सुद्धा कधीकधी अशी झाक दिसते, ती बघून "वा, पिकलाय" म्हणू नका.

दुसरं म्हणजे फोटो बघताना दोन प्रश्न वेगवेगळे ठेवायचे. एक, फळ झाडावर पूर्ण जून होऊन उतरवलंय का? दोन, ते आत्ता किती पिकलंय? रंग फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते पण अर्धवट. कोवळं फळ काढून गॅस दिला की साल पिवळी होते, पण आत पुरेसा स्टार्च साठलेलाच नसतो, मग साखर होणार कशाची? असा आंबा दिसायला सुंदर आणि चवीला पाणचट किंवा आंबट. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी मागणी एकदम वाढते, तेव्हा असा माल जास्त बघायला मिळतो. म्हणून मी रंग सगळ्यात आधी बघत नाही.

आधी नीट फोटो मागून घ्या

विक्रेता जो फोटो ग्रुपवर टाकतो तो पेटीचा वरून काढलेला असतो. त्यात पेंढा, वरचा थर आणि फळांची एक बाजू एवढंच दिसतं, त्याच्यावर काहीच ठरवता येत नाही. सरळ मेसेज करा, मी साधारण असा करते:

"दादा, पेटीतले पाच-सहा आंबे, त्यातले दोन खालच्या थरातले, पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीपाशी फोटो काढाल का? लाइट बंद, फ्लॅश नको. एक फोटो आडव्या बाजूने, देठ वर दिसेल असा, एक देठाच्या अगदी वरून, आणि एक फळं उलटून मागच्या बाजूचा. जमलं तर एक आंबा कापून."

चांगला विक्रेता दहा मिनिटांत पाठवतो. जो "ताई, माल एक नंबर आहे, डोळे झाकून घ्या" एवढंच म्हणतो त्याच्याकडून मी पेटी घेत नाही.

पांढरा कागद कशासाठी, तर फोटोतला उजेड ओळखायला. दुकानात पिवळा बल्ब असला की पोपटी आंबा सुद्धा केशरी दिसतो. वर्तमानपत्राचा कागद मुळातच मळकट पिवळसर असतो म्हणून तो चालत नाही, वहीचं कोरं पान किंवा बिलबुकाची मागची बाजू घ्यायला सांगा. फोटो आला की पहिल्यांदा आंब्याकडे बघूच नका, कागदाकडे बघा. कागद पिवळट दिसत असेल तर आंब्यातला तेवढा पिवळेपणा उजेडाचा. फोनच्या गॅलरीत एडिटमध्ये रंग गरम-थंड करायची पट्टी असते, ती कागद पांढरा दिसेपर्यंत थंडाकडे सरकवा, मग आंब्याचा रंग बघा, बऱ्याचदा "तयार" पेटी एकदम हिरवट दिसायला लागते. आणि हो, कडक उन्हातला फोटो पण नको, सालीवर चमक येते आणि त्या पांढऱ्या चमकेत डाग लपतात.

मग देठ आणि खांदे

आता आडव्या बाजूने काढलेला फोटो उघडा आणि फक्त देठाचा भाग झूम करा. हापूस जून झाला की त्याचे खांदे भरतात, म्हणजे देठाच्या दोन्ही बाजूंचा भाग फुगून देठापेक्षा वर येतो आणि देठ छोट्या खळग्यात बसल्यासारखा दिसतो. कोवळ्या फळाला हा खळगा नसतो. देठापासून साल सरळ उतरत खाली जाते, खांदे पाडलेले, आणि देठ सगळ्यात उंच टोकावर. दोन फळं शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो, एकट्या फळाचा कळायला थोडी सवय लागते, म्हणूनच पाच-सहा आंबे एकत्र मागायचे.

ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण रंग गॅसने बदलतो, उजेडाने बदलतो, फिल्टरने बदलतो, पण फळ झाडावरून उतरवल्यावर खांदे काही भरत नाहीत. जे उतरवताना होतं तेच राहतं.

त्याच्या जोडीला गाल बघा. जून फळ दोन्ही गालांनी गरगरीत असतं, कोवळं फळ चपटं आणि खालच्या टोकाकडे निमुळतं दिसतं. सालीवरचे बारीक ठिपके पण बघा. हे ठिपके म्हणजे सालीची श्वास घ्यायची छिद्रं, सगळ्या फळांवर असतात, जून फळावर ते फिकट आणि स्पष्ट दिसतात. काही जण या ठिपक्यांनाच डाग समजून पेटी परत करतात, त्याची काही गरज नाही.

आकारावरून गाव ओळखायचा प्रयत्न मात्र करू नका. कर्नाटकातून येणारा हापूस जरा लांबट, चकचकीत आणि जाड सालीचा असतो असं बाजारात म्हणतात, बऱ्याचदा बरोबरही असतं, पण एका फोटोवरून ठामपणे सांगणं कठीण. हापूसला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, त्यामुळे गावाची खात्री हवी असेल तर विक्रेत्याकडे जीआयच्या नोंदणीबद्दल विचारा, सालीला विचारून उपयोग नाही. पेटीच्या आकड्याचं पण सांगते, पेटी साधारण तेवढीच असते, त्यामुळे चार डझनी म्हणजे मोठं फळ आणि आठ डझनी म्हणजे लहान. त्याचा गोडीशी थेट संबंध नाही.

आता रंग, म्हणजे किती दिवसांत खायचा

खांदे भरलेले असतील तरच इथे या, नाहीतर रंग बघण्यात अर्थ नाही. पिकताना सालीतला हिरवा रंग विरतो आणि खालचा पिवळा-केशरी वर येतो. पेंढ्यात, अढीत हळूहळू पिकणाऱ्या हापूसमध्ये हे काही सगळीकडे एकदम होत नाही, एका गालावर पिवळं आधी येतं, दुसरीकडे हिरवट झाक राहते.

पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात घरात ठेवायचे असतील तर माझा अंदाज असा असतो. खांदे भरलेत पण साल पूर्ण पोपटी-हिरवी आणि फळ कडक, तर आठ-दहा दिवस. एका गालावर पिवळी झाक आलीय, निम्मं हिरवं, तर तीन-चार दिवस. पूर्ण पिवळा-केशरी, तर आज-उद्याच संपवायचा. पाहुणे रविवारी येणार असतील तर त्याप्रमाणे मधला टप्पा मागा, पूर्ण पिवळी पेटी मागून तीन दिवस सांभाळत बसू नका.

सगळी पेटी एकसारखी पिवळी दिसली की लोक लगेच कार्बाइडचा संशय घेतात. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला बंदी आहे, पण इथिलीन गॅसच्या चेंबरमध्ये पिकवायला एफएसएसएआयची परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत, आणि चेंबरमधून आलेला माल सुद्धा एकसारखाच पिवळा असतो. फोटो बघून या दोन्हीत फरक करता येत नाही, कोणी करून दाखवतो म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. फोटोत जे पकडता येतं ते वेगळं आहे: साल गडद पिवळी आणि खांदे मात्र पाडलेले. ते फळ कोवळं काढून रंग आणलेलं, मग तो कशानेही आणलेला असो.

सुरकुत्यांचं पण तसंच, एकट्या बघून चालत नाही. पूर्ण केशरी, भरल्या खांद्यांच्या हापूसवर बारीक सुरकुत्या आल्या तर तो छान मुरलाय, आमच्या घरी तर रसाला असेच आंबे आधी उचलतात. पण हिरवट पिवळ्या सालीवर, विशेषतः देठाजवळ सुरकुत्या असतील तर ते कोवळं फळ पाणी उडून सुकलंय. सुरकुती तीच, पण खांदे बघितले की अर्थ कळतो.

डाग: किती मोठा यापेक्षा कुठे आहे आणि वाढतोय का

यात लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. खरखरीत तपकिरी ओरखडा दिसला की फळ बाजूला काढतात आणि देठापाशी जरासं काळपट दिसलं तर "तेवढं चालतं" म्हणून घेतात. व्हायला पाहिजे नेमकं उलटं.

फांदीला घासून किंवा फुलकिड्यांनी लहान फळाची साल खरवडून जो कोरडा, खरखरीत, मातकट रंगाचा चट्टा पडतो तो फक्त सालीपुरता. फळासोबत तो पण मोठा झालेला असतो, कडा कोरड्या, आत काही नाही. तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर जी काळी बुरशी चढते ती काजळीसारखी पसरट दिसते आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. विक्रेत्याला एक आंबा पुसून परत फोटो टाकायला सांगितलं की संपलं. या दोन्ही प्रकारच्या मालाला बाजारात भाव कमी मिळतो, चव तीच असते, रसाला घ्यायचे असतील तर मी मुद्दाम असा माल विचारते.

देठापासून खाली ओघळ आल्यासारखी काळी-तपकिरी रेघ दिसली तर जरा थांबा, कारण दोन शक्यता असतात. आंबा उतरवताना देठातून चीक उडतो आणि साल भाजते, त्याचा डाग अखंड, कडा स्पष्ट, आणि हिरव्या फळावर सुद्धा दिसतो. तो वाढत नाही. दुसरी शक्यता करप्याची. करप्याची बुरशी कच्च्या फळात गुपचूप बसून राहते आणि फळ पिकायला लागलं की वर येते. पावसाचं किंवा दवाचं पाणी देठाकडून ओघळतं तशी ती पसरलेली असते म्हणून तिचीही रेघच दिसते, पण झूम केलं तर ती रेघ बारीक बारीक काळ्या ठिपक्यांची असते, ठिपके किंचित खोलगट, काही एकमेकांत मिसळलेले. कळत नसेल तर सोपा उपाय, दुसऱ्या दिवशी त्याच फळाचा त्याच जागी फोटो मागा. डाग तेवढाच राहिला तर चीक, वाढला तर करपा. करप्याचे दोन-चार ठिपके असलेलं फळ लगेच खायला चालतं, साठवायला नाही.

घ्यायचंच नाही अशी दोन फळं. पहिलं, देठकुजीचं. देठाच्या वरून काढलेल्या फोटोत देठाभोवती तपकिरी-काळं कडं दिसतं, कडा नागमोडी, साल तिथे मऊ आणि पाणी धरल्यासारखी. हे कडं बघता बघता खाली उतरतं, पुण्याच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत निम्मं फळ गेलेलं असतं. म्हणून तर देठाच्या वरून काढलेला फोटो मागायचा, बाजूच्या फोटोत हे कडं खळग्यात लपतं. दुसरं, फळमाशीचं. सुईने टोचल्यासारखं एक छिद्र, भोवती गडद ओलसर गोल, कधी चिकाचा थेंब. फोटोत हे छिद्र ठिपक्यांमध्ये हरवतं, त्यामुळे ओलसर गोल शोधा. मेच्या शेवटी, वळवाचे पाऊस पडून गेले की हा प्रकार वाढतो, तेव्हा फोटो जास्त बारकाईने बघा.

एक पेटी बघू

आमच्या खालच्या काकूंना अक्षय्य तृतीयेच्या रसासाठी पेटी हवी होती, सणाला चार दिवस होते. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत सगळं केशरी, पेंढा सुद्धा केशरी, आणि कोपऱ्यातलं बिल पण पिवळं. म्हणजे बल्बचा उजेड. काकू म्हणाल्या, "अगं, रंग किती छान आहे, घेऊन टाकू का?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही त्यांना खिडकीपाशी सहा आंबे मांडायला सांगा, मग ठरवू."

नवीन फोटो आले. कागद पांढराशुभ्र, उजेड चांगला. डावीकडची तीन फळं भरल्या खांद्यांची, देठ खळग्यात, एका गालावर पिवळं आणि बाकी पोपटी, म्हणजे सणाला बरोबर तयार होणारी. चौथं सगळ्यात पिवळं, काकूंना तेच आवडलं होतं, पण देठ टोकावर उभा, खांदे उतरलेले आणि देठाजवळ सुरकुत्या. पाचव्यावर देठापासून काळी रेघ. सहाव्याचं बाजूने काहीच दिसत नव्हतं, वरून काढलेल्या फोटोत मात्र देठाभोवती तपकिरी कडं.

चौथं कापून दाखवा म्हटलं. आतला गर फिकट, सालीकडे जवळजवळ पांढरा, केशरी रंगाचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्याचा आणि सहाव्याचा परत फोटो मागवला. पाचव्याची रेघ जशीच्या तशी, चिकाचा डाग. सहाव्याचं कडं रुपयाच्या नाण्याहून मोठं झालेलं. विक्रेता माणूस सरळ होता, म्हणाला, "ताई, दोन बागांचा माल एकत्र भरलाय, तुम्हाला डावीकडच्या तीन आंब्यांसारखेच निवडून देतो." काकूंनी पेटी न घेता निवडलेले तीन डझन घेतले आणि त्यात चिकाच्या डागाची चार-पाच फळं होती ती तशीच घेतली.

फोटोत न दिसणारं

साका. हापूसचा सगळ्यात मोठा दोष आणि बाहेरून त्याची काही खूण नाही, भरलेले खांदे, सुंदर रंग, एक डाग नाही, आणि कापल्यावर बाठीजवळ पांढरट, पोकळ, आंबट गर. मोठ्या फळात आणि झाडावर फार उशिरापर्यंत ठेवलेल्या फळात हा जास्त सापडतो, त्यामुळे चार डझनी पेटी घेताना एक आंबा कापून फोटो मागणं त्यातल्या त्यात बरं. पण कापलेलं एक फळ चांगलं निघालं म्हणजे बाकीची चांगली असं होत नाही. साक्याबद्दल विक्रेत्याशी पैसे द्यायच्या आधीच बोलून घ्या, किती फळं बदलून देणार ते.

वास आणि स्पर्श पण फोटोत येत नाही, म्हणून पेटी आली की पहिल्याच तासात काम उरका. पेटी पूर्ण उघडा, खालचा थर सुद्धा वर काढा, खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर मांडा आणि विक्रेत्याने काढले होते त्याच तीन बाजूंनी फोटो काढा. तक्रार करायची वेळ आली तर त्याच्या फोटोशेजारी तुमचा फोटो ठेवता येतो, "आंबे खराब निघाले" एवढ्या मेसेजपेक्षा त्याला पटकन उत्तर मिळतं. देठाजवळ काळपट दिसणारी फळं लगेच वेगळी काढा. उरलेली पेंढ्यात एका थरात, देठ खाली करून, एकमेकांना न चिकटवता ठेवा. हिरवट फळं फ्रीजमध्ये टाकू नका, साधारण १२-१३ अंशांच्या खाली कच्चा हापूस गारठतो, साल राखाडी होते, ते बारीक ठिपके काळे पडतात आणि नंतर बाहेर काढून ठेवला तरी तो नीट पिकत नाही. पूर्ण पिकलेला मात्र एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवला तर चालतो, खायच्या तासभर आधी बाहेर काढा.